पैसे नकोत, वेळ द्या

डिसेंबर संपत आला की छोट्या संस्थांच्या कार्यालयांत एक संवाद हमखास ऐकू येतो. हिशोब बघणारे भाऊ पासबुक पुढे करून म्हणतात, "ताई, खात्यावर अजून पाच लाख एकतीस हजार आहेत आणि प्रोजेक्ट मार्चला संपतोय." ताई फाइलमधून डोकं वर न काढता म्हणतात, "संपवून टाकू मार्चपर्यंत." काय संपवायचं, काम की पैसे, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. जिथे काम संपणार नाही हे दोघांना ठाऊक असतं, तिथे मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे संपवले जातात. नको असलेली तीन प्रशिक्षणं होतात, बॅनर छापले जातात, एक प्रिंटर येतो.

याला एक सरळ आणि सभ्य पर्याय आहे. देणगीदाराला पत्र लिहून सांगायचं की मंजूर रकमेवर एक रुपयाही जास्त नको, पण ठरलेलं काम ठरलेल्या तारखेला होत नाही, तेव्हा तारीख पुढे न्या. क्षेत्रातले लोक याला ‘नो-कॉस्ट एक्स्टेन्शन’ किंवा नुसतं ‘एनसीई’ म्हणतात. पत्राच्या विषयात मराठीत लिहायचं तर ‘अनुदानाच्या रकमेत वाढ न करता मुदतवाढ’. पत्र दोन पानांचं असतं. तरी बऱ्याच संस्था ते लिहायला घाबरतात, कारण त्यांना ते नापास झाल्याचा कबुलीजबाब वाटतो. आणि ज्या लिहितात, त्यांतल्या बऱ्याच चुकीचा आकडा घालून लिहितात. मीही एकदा लिहिला होता. पासबुकातली शिल्लक जशीच्या तशी ‘अखर्चित रक्कम’ म्हणून टाकली आणि समोरून एका ओळीचा प्रश्न आला: "यात व्याज किती?" त्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले.

आकडे हाताशी असले की बोलायला सोपं जातं, म्हणून एक उदाहरण घेऊ. अशा दोन-तीन प्रकल्पांच्या कागदांवरून ते बेतलं आहे, आकडे गोल केले आहेत. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात आठ पाड्यांवर झऱ्याचं पाणी नळानं खाली आणायचं काम. डोंगरातल्या झऱ्याभोवती छोटी बंदिस्त टाकी बांधायची, तिथून उतारानं पाइप टाकायचा, पाड्याजवळ साठवण टाकी आणि नळकोंडाळं. मोटर नाही, वीजबिल नाही. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून ३६ लाख रुपये मंजूर झाले. मुदत १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२६. डिसेंबर २०२५ अखेर पाच पाड्यांवर पाणी आलेलं, सहाव्याचं काम अर्धवट, सातव्या-आठव्यावर कुदळसुद्धा पडलेली नाही.

आता भाऊंच्या पासबुकाकडे जाऊ. ५ लाख ३१ हजार हा आकडा खरा आहे, पण पत्रात घालण्याच्या कामाचा नाही. त्यातले २३ हजार हार्डवेअरच्या दुकानदाराला दिलेल्या चेकचे आहेत. त्याने तो अजून बँकेत भरलेला नाही. म्हणजे ते पैसे खात्यावर दिसतात, पण आपले नाहीत. ३८ हजार दोन वर्षांत साठलेलं व्याज आहे. ते अनुदान नव्हे, त्याचा हिशोब वेगळा. उलट बाजूने सहाव्या पाड्याच्या गवंड्याला ४० हजार रुपये उचल दिलेली आहे. ते खात्यातून गेलेत, पण बिल आलेलं नाही, काम मोजलेलं नाही, म्हणून तो खर्च धरता येत नाही. २३ आणि ३८ वजा करा, ४० मिळवा, की येतात ५ लाख १० हजार. कंपनीने आतापर्यंत दिलेले ३० लाख आणि झालेला खर्च २४ लाख ९० हजार यांच्यातला फरक नेमका एवढाच आहे. पासबुकापासून निघून हिशोबाच्या वहीपर्यंत असं चालत येता आलं, तर समजायचं आकडा बरोबर. येता आलं नाही तर पत्र पाठवायची घाई करू नये. आधी व्हाउचरं काढून बसावं.

पण हीसुद्धा पूर्ण शिल्लक नाही. कंपनीने शेवटचा सहा लाखांचा हप्ता अजून दिलेला नाही. देणगीदाराच्या दृष्टीने प्रश्न असा असतो की मंजूर ३६ लाखांपैकी किती खर्च व्हायचे आहेत. उत्तर: ११ लाख १० हजार, त्यातले ५ लाख १० हजार संस्थेच्या हातात आणि सहा लाख कंपनीकडे. पत्रात हे दोन्ही आकडे वेगळे लिहावे लागतात. ‘शिल्लक पाच लाख’ एवढंच लिहिलं तर समोरचा माणूस सहज म्हणतो, मग शेवटचा हप्ता लागणार नाही का? आणि तो रद्द करायला त्याला बरंच वाटतं.

यानंतरचा भाग बहुतेक संस्था टाळतात आणि मुदतवाढ मिळूनही अडचणीत येतात. ‘बिनखर्चाची’ मुदतवाढ हे नाव देणगीदाराच्या बाजूने आहे. त्याला जास्त खर्च नाही. संस्थेला मात्र प्रत्येक जादा महिना पैसे मागतो. झरा बांधायचं राहिलं तरी कार्यकर्त्याचा पगार पहिल्या तारखेला द्यावाच लागतो, एसटीचं भाडं लागतं, एक जादा ऑडिट लागतं. मूळ अंदाजपत्रक चोवीस महिन्यांच्या पगाराचं होतं. आता ते तेहतीस महिन्यांना पुरवायचं असेल तर पैसे कुठून आणायचे?

आपल्या उदाहरणात पगाराच्या हेडमध्ये १ लाख ९८ हजार उरले होते. दोन कार्यकर्ते, प्रत्येकी १८ हजार, डिसेंबर २०२६ पर्यंत ठेवायचे तर ४ लाख ३२ हजार लागले असते. निम्म्याहून जास्त तूट. इथे ताईंनी कागद घेऊन बसून जे केलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं खरं काम वाटतं. मार्चपर्यंत दोघे. एप्रिलपासून एकच, कारण पाच पाड्यांच्या पाणी समित्या आता आपापल्या पायावर उभ्या आहेत. जून ते सप्टेंबर डोंगरात काम नाही. त्या चार महिन्यांत त्या एकाचा अर्धा पगार संस्थेच्या दुसऱ्या प्रकल्पातून, कारण तो अर्धा वेळ तिथेच असणार. गरज उतरली २ लाख ३४ हजारांवर. तूट राहिली ३६ हजार. प्रवासाच्या हेडमध्ये आणखी ११ हजार कमी पडत होते. एकूण ४७ हजार.

ते भरून आले बचतीतून. पहिल्या पाच पाड्यांवर पाइपाचे चर लोकांनी स्वतः खणले, त्यामुळे बांधकामात पैसे वाचले होते. उरलेल्या तीन कामांना आजच्या भावाने ७ लाख २५ हजार लागणार आणि हेडमध्ये ७ लाख ५० हजार आहेत. २५ हजार मोकळे. समिती प्रशिक्षणात २० हजार मोकळे, कार्यालयीन खर्चात दोन हजार. बेरीज ४७ हजार. व्याजाला हात लावायची गरजच पडली नाही, आणि ते पत्रात स्पष्ट लिहिलं: ‘व्याजाची रक्कम रु. ३८,००० स्वतंत्र दाखवली आहे. तिच्या वापराबाबत आपल्या सूचनेची प्रतीक्षा आहे.’ हा हिशोब जुळला नसता तर? मग महिने कमी मागायचे किंवा एक पाडा सोडायचा, आणि तसं सांगायचं. पगाराची सोय न करता मागितलेली मुदतवाढ शेवटी कार्यकर्त्याच्या खिशातून जाते. चार-चार महिने थकलेले पगार मी पाहिलेत, त्यांचं मूळ पुष्कळदा अशाच एखाद्या गोड मंजुरीपत्रात असतं.

एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायला किती मोकळीक आहे, हे करारात लिहिलेलं असतं. बऱ्याच करारांत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यापुढे लेखी परवानगी लागते. इथे पगाराचं हेड साधारण चार टक्क्यांनी आणि प्रवासाचं आठाच्या आत वाढत होतं. तरी तक्ता जोडला. मागून कुणी विचारण्यापेक्षा आधी दाखवलेलं बरं.

आता वेळापत्रक. पहिल्या मसुद्यात ताईंनी लिहिलं होतं, ‘सहा महिने मुदतवाढ मिळावी’. सहा हा आकडा का, तर सगळे सहाच मागतात. पण एप्रिलपासून सहा महिने म्हणजे सप्टेंबर अखेर, आणि त्यातले जून ते सप्टेंबर हे चार महिने पेठमध्ये पावसाचे. लाल चिखलात चर टिकत नाही, वाळूचा ट्रॅक्टर घाटावर चढत नाही आणि पाड्यावरची सगळी माणसं भातलावणीत. म्हणजे कागदावर सहा महिने, हातात दोन. अशा पत्रावर मंजुरी आली की सप्टेंबरमध्ये दुसरी मुदतवाढ मागायची पाळी येते, आणि दुसऱ्या वेळी देणगीदाराचा चेहरा वेगळा असतो.

म्हणून वेळापत्रक शेवटच्या तारखेकडून नाही, कामाकडून लिहायला घेतलं. सहावा पाडा फेब्रुवारी अखेर पूर्ण. सातव्या पाड्याची वनविभागाची परवानगी डिसेंबरमध्ये हातात आली; सामान मार्चमध्ये नेऊन काम एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जुन्या मुदतीनंतरचा पहिला कोरडा काळ पूर्ण वापरायचा. जून ते सप्टेंबर बांधकाम शून्य, फक्त झऱ्यांच्या पाण्याची मोजणी आणि आठव्या पाड्याची कागदपत्रं. आठवा पाडा ऑक्टोबर-नोव्हेंबर. डिसेंबरात पाणी तपासणी, समित्यांकडे हस्तांतरण, हिशोब बंद. अखेर ३१ डिसेंबर २०२६. नऊ महिने. ‘पावसाळ्यात बांधकाम होणार नाही’ हे वाक्य पत्रात मुद्दाम ठेवलं. चार महिने रिकामे दाखवायला धीर लागतो, पण मुंबईतल्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याचा त्या चार रिकाम्या महिन्यांमुळेच उरलेल्या पाचांवर विश्वास बसतो.

जिथे खात्री नाही, तिथेही तसं म्हणावं. आठव्या पाड्याची परवानगी अजून आलेली नव्हती. पत्रात एक ओळ घातली की ३१ ऑगस्टपर्यंत ती मिळाली नाही तर त्या कामाचे २ लाख ८० हजार रुपये परत करू किंवा आपण सांगाल त्या पाड्यावर वापरू. माझ्या मते अख्ख्या पत्रात ही ओळ सर्वांत वजनदार होती.

उशीर का झाला? इथे ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या हातातून पेन काढून घ्यावं. कारण तारखेसह लिहायचं. या प्रकल्पाचं एक कारण सगळ्या महाराष्ट्राने अनुभवलेलं आहे: २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नोंदींमधलं सर्वांत लवकरचं आगमन, आणि त्याआधीही मे महिन्यात राज्यात भरपूर पाऊस पडला. बांधकामाचा सर्वांत कामाचा महिना हातचा गेला. दुसरं कारण वनजमीन. सातव्या आणि आठव्या पाड्याचे झरे वनहद्दीत आहेत. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याचं पाणी आणि पाइपलाइन यांसाठी वनजमीन वापरू देण्याची सोय आहे: एका कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पण ही सोय सरकारी यंत्रणेच्या ताब्यातल्या सुविधेसाठी आहे, खासगी संस्थेसाठी नाही. त्यामुळे अर्ज ग्रामपंचायतीमार्फत करावा लागतो आणि तो तिच्या वेगाने चालतो.

इथवर सगळं ठीक. पण मसुदा वाचताना मी ताईंना विचारलं, "झरे वनहद्दीत आहेत हे कधी कळलं?" त्या म्हणाल्या, "पहिल्याच सर्वेक्षणात. जून २०२४." आणि ग्रामसभेचा ठराव होता ऑगस्ट २०२५ चा. चौदा महिने! त्या जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "सोपे पाडे आधी उरकू म्हटलं." शिवाय एक कार्यकर्ता सोडून गेला आणि त्याची जागा पाच महिने रिकामी होती, ते ९० हजार पगाराच्या हेडमध्ये उरलेले दिसतच होते. आकडे बोलतात, आपण लपवलं तरी. म्हणून पत्रात असं लिहिलं गेलं:

‘वनजमिनीचा अर्ज आम्ही पहिल्या वर्षीच करायला हवा होता. सोपी कामं आधी घेण्याच्या नादात तो लांबला. तसंच एप्रिल ते ऑगस्ट २०२५ या काळात एक क्षेत्र-कार्यकर्त्याचं पद रिक्त होतं. या दोन्ही गोष्टी आमच्याकडून झालेल्या उशिराच्या आहेत. सातव्या पाड्याची परवानगी आता हाती आहे. प्रत जोडली आहे.’

पावसावर सगळं ढकललेलं पत्र वाचणाऱ्याला पटत नाही, कारण पाऊस शेजारच्या संस्थेवरही पडला होता आणि तिचं काम झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र कारण म्हणून कधीच लिहू नये: ‘पैसे शिल्लक आहेत म्हणून’. अमेरिकेच्या संघीय अनुदानांच्या नियमावलीत हे शब्दांत बांधलेलं आहे. तिथे संस्थेला काही अटींवर एकदा बारा महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येते, मुदत संपण्याच्या किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं, आणि निव्वळ उरलेली रक्कम वापरून टाकण्यासाठी ही मुदतवाढ घेता येत नाही. आपल्याकडच्या छोट्या करारांत असं लिहिलेलं नसतं, पण वाचणारा अधिकारी हेच शोधत असतो. काम राहिलं आहे आणि त्याला पैसे लागतात, हा क्रम. उलटा केला की पत्र पडतं. काम पूर्ण होऊन पैसे उरले असतील तर ती मुदतवाढीची गोष्टच नाही. ती परत करण्याची, किंवा नव्याने विचारण्याची.

आता समोरच्या टेबलावर काय चालतं ते पाहू, कारण पत्र कधी पाठवायचं हे त्यावर ठरतं. सीएसआरचा पैसा कंपनीच्या मर्जीचा राहिलेला नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि २०२१ पासून न खर्चलेल्या पैशाचे नियम कडक झाले. चालू प्रकल्पाचे पैसे उरले तर आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांच्या आत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, ते एका वेगळ्या बँक खात्यात टाकावे लागतात आणि तीन आर्थिक वर्षांत खर्चावे लागतात. प्रकल्प ‘चालू’ धरला जाण्याचीही मर्यादा आहे: सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षं. आपला प्रकल्प २०२४-२५ मध्ये सुरू झाला, म्हणजे मार्च २०२८ पर्यंत जागा आहे. डिसेंबर २०२६ आरामात बसतो. हे एक वाक्य पत्रात आपणच लिहिलं तर अधिकाऱ्याचं अर्धं काम होतं.

दुसरी मेख जास्त टोचणारी. कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे की संस्थेला पैसे नुसते दिले म्हणजे सीएसआर खर्च झाला असं नाही. संस्थेने ते कामावर वापरले पाहिजेत. म्हणजे आपल्या खात्यात पडून असलेली रक्कम कंपनीच्या ताळेबंदात दुखत असते. म्हणूनच मार्चमध्ये त्यांचे फोनवर फोन येतात आणि काही कंपन्या उरलेली रक्कम चक्क परत मागवून पुढच्या हप्त्यात देतात. आपल्याला वाटतं, हे लोक विनाकारण मागे लागलेत. त्यांच्या वित्त विभागाला ३१ मार्चला किती पैसे खर्च न होता राहणार हे आधी कळायला हवं असतं, एवढंच. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलेलं मुदतवाढीचं पत्र कितीही खरं असलं तरी त्यांना बॉम्बसारखं वाटतं. जानेवारीत आलं तर ती एक बाब असते, बैठकीच्या विषयपत्रिकेत घालायची.

आपलं पत्र १६ जानेवारीला गेलं. सोबत चार कागद होते: ३१ डिसेंबरचा हेडनिहाय हिशोब, नवं वेळापत्रक, वनपरवानगीची प्रत आणि पाच पाड्यांच्या नळकोंडाळ्यांचे फोटो. सुरुवातीचा परिच्छेद असा होता:

‘मा. महोदया, स.न. आपल्या सहकार्याने सुरू असलेल्या पाणी प्रकल्पाच्या आठपैकी पाच पाड्यांवर पाणी पोचलं आहे. उर्वरित तीन कामं पूर्ण करण्यासाठी, मंजूर अनुदानात कोणतीही वाढ न मागता, प्रकल्पाची मुदत ३१ मार्च २०२६ ऐवजी ३१ डिसेंबर २०२६ करावी, ही विनंती. दि. ३१ डिसेंबर २०२५ अखेर मंजूर रु. ३६,००,००० पैकी रु. २४,९०,००० खर्च झाले असून रु. ११,१०,००० शिल्लक आहेत (संस्थेकडे रु. ५,१०,०००, आपल्याकडून येणे रु. ६,००,०००).’

एवढ्या चार ओळींत काय झालं, काय राहिलं, किती वेळ हवा आणि पैसे कुठे आहेत, हे सगळं आलं. संस्थेच्या स्थापनेचा इतिहास नाही, आभाराचे दोन परिच्छेद नाहीत. ज्या बाई हे वाचणार होत्या त्यांच्याकडे असे चाळीस प्रकल्प असतील; त्यांनी हाच परिच्छेद उचलून वरिष्ठांच्या टिपणीत टाकला असणार.

केंद्र सरकारच्या अनुदानाची वाट जराशी वेगळी. तिथे सामान्य वित्तीय नियम २०१७ चालतात. विनियोग प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात, ‘१२-ए’ मध्ये, द्यावं लागतं, आणि अनुदानावरचं व्याज सरकारी तिजोरीत परत भरावं लागतं. ते प्रकल्पात वापरू का, हा प्रश्नच उरत नाही. परदेशी निधी असेल तर मुदतवाढीचं पत्र तसंच, पण संस्थेची एफसीआरए नोंदणी नव्या अखेरच्या तारखेपर्यंत वैध आहे का, हे आधी पाहावं. मुदत वाढली आणि नोंदणी मध्येच संपली, तर खात्यातले पैसे दिसतात पण काढता येत नाहीत.

उत्तर यायला वेळ लागतो आणि त्या काळात संस्था एक ठरलेली चूक करते. फोनवर अधिकारी म्हणतात, "हो, होऊन जाईल, तुम्ही काम चालू ठेवा." भाऊ एप्रिलचा पगार काढतात. जूनमध्ये अधिकारी बदलून जातात. नवे अधिकारी करार उघडतात, त्यात ३१ मार्च लिहिलेलं असतं, आणि एप्रिल-मेचा सगळा खर्च नामंजूर होतो. ऑडिटरला फोनवरचं बोलणं दाखवता येत नाही. होकार फोनवर मिळाला तर त्याच दिवशी ईमेल करावा: आज बोलल्याप्रमाणे आपण तत्त्वतः संमती दिली आहे, लेखी मंजुरीची वाट पाहत आहोत. आणि करारात तारीख असते, तेव्हा मंजुरीही करारालाच जोडून यायला हवी, दोन्हींच्या सह्यांच्या पुरवणी करारात. नुसतं ‘ओके, अप्रूव्ह्ड’ एवढं उत्तर आलं तरी पुरवणी करार मागून घ्यावा. त्यात नवी तारीख, हप्ता कधी येणार आणि अहवालाच्या नव्या तारखा असाव्यात. या शेवटच्या गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, आणि मग जुन्या तारखेचा अंतिम अहवाल ‘थकीत’ म्हणून दाखवला जातो.

आपल्या उदाहरणात पुरवणी करार ९ मार्चला आला, दोन अटींसह. शेवटचा सहा लाखांचा हप्ता सहाव्या पाड्याचं विनियोग प्रमाणपत्र मिळाल्यावरच. आणि व्याजाचे ३८ हजार याच प्रकल्पात, पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी, पाणी समित्यांच्या नावे वेगळे ठेवायचे. गवंड्याच्या ४० हजारांच्या उचलीबद्दल कुणी काही विचारलं नाही. तिचं बिल तोवर आलेलं होतं.

तुमच्या संस्थेचा एखादा करार येत्या मार्चला संपत असेल तर तो आज कपाटातून काढा. मुदतवाढीचं कलम त्यात बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर असतं. किती दिवस आधी अर्ज करायचा, ते तिथेच लिहिलेलं असतं.